नाईटचं अर्जात लिहू की नको?

"वॉर्डमध्ये स्टाफ नर्सची जागा निघाली आहे. नोंदणी आहे, अनुभवही आहे. पण मूल लहान आहे, सगळ्या नाईट मला जमणार नाहीत. अर्जात तसं लिहिलं तर बोलावणारच नाहीत, असं सगळ्या मैत्रिणी म्हणतात. आधी 'कोणत्याही शिफ्टला तयार' लिहून जागा मिळवू आणि मग बोलू, असं केलं तर चालेल का?"

हाच प्रश्न घेऊन एक सिस्टर माझ्याकडे आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण हिशेब तोच आहे. नर्सिंगची पदविका झालेली, सर्जिकल वॉर्डात चार वर्षं काढलेली, मग बाळंतपण आणि दोन वर्षांचा खंड. त्या खंडानंतर एका रुग्णालयात त्या लागल्याही होत्या. अर्जात लिहिलं होतं, 'कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्यास तयार'. पहिल्याच रोस्टरमध्ये सहा नाईट आल्या. दोन त्यांनी केल्या, दोन बदलून घेतल्या, उरलेल्या दोनना रजा टाकली. पुढच्या महिन्यात नाईट बदलून घ्यायला कोणी तयार होईना. इनचार्ज सिस्टर बोलेनाशा झाल्या आणि दोन महिन्यांत नोकरी सुटली. आता नव्या अर्जात ते दोन महिने दाखवायचे की लपवायचे, हा आणखी एक प्रश्न होऊन बसला होता.

'आधी मिळवू, मग बोलू' का चालत नाही, हे वॉर्डाच्या रोस्टरवरून कळतं. म्हणून अर्ज बाजूला ठेवून आम्ही आधी रोस्टरच मांडलं.

अठ्ठावीस खाटांचा वॉर्ड धरा. सकाळी तीन सिस्टर, दुपारी दोन, रात्री दोन. म्हणजे दिवसाला सात ड्यूट्या आणि आठवड्याला 49. एक सिस्टर आठवड्याला सहा ड्यूट्या करते, तेव्हा नुसत्या हिशेबाने आठ-नऊ जणी लागतात. रजा आणि आजारपण धरलं की दहा. महिन्याच्या 30 रात्री, प्रत्येक रात्री दोघी, अशा 60 नाईट दहा जणींत वाटल्या की वाट्याला सहा-सहा येतात. आता नव्या सिस्टरने एकही नाईट केली नाही, तर तिच्या सहा नाईट बाकीच्या नऊ जणींवर पडतात. त्यातल्या सहा जणींना दर महिन्याला एक नाईट जास्त. मेट्रनला नकार द्यावासा वाटतो तो याच कारणाने. तिला रागावलेला वॉर्ड सांभाळावा लागतो. पण तीच सिस्टर चार नाईट नक्की करणार असेल, तर दोनच नाईटचा प्रश्न उरतो, आणि दोन नाईट कुठेतरी बसवता येतात. आधी सहा कबूल करून त्यातल्या दोन ऐनवेळी मोडणारी सिस्टर मात्र सगळ्यांत महागात पडते. कारण रोस्टर लागल्यावर तिच्या जागी येणारीला घरून बोलवावं लागतं.

म्हणून मी सिस्टरना विचारलं, "नाईट जमत नाहीत, की नको आहेत?"

त्या जरा चिडल्या. "सर, नको कुणाला असतात? पण मला खरंच जमत नाहीत."

"सगळ्या?"

यावर त्या थांबल्या. मग आम्ही कागदावर चार आठवड्यांचे चौकोन आखले. त्यांच्या नवऱ्याची नोकरीही पाळीची, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मूल साडेसात ते साडेसहा पाळणाघरात. नवरा दिवसपाळीवर असतो त्या आठवड्यात तो रात्री घरी, म्हणजे सिस्टरना नाईट करता येतात. नाईट करून आल्यावर झोपही हवी, म्हणून सलग दोनच धरल्या. महिन्यात असे दोन आठवडे, म्हणजे चार नाईट. इतके दिवस 'जमत नाहीत' म्हणत होत्या, त्यातून चार निघाल्या.

मग नवऱ्याच्या रात्रपाळीचे आठवडे घेतले. सिस्टर म्हणाल्या, "त्या आठवड्यात दुपारपाळी लिहा, दोन ते आठ." मी विचारलं, वॉर्डातून प्रत्यक्ष किती वाजता निघता? आठ वाजता रात्रीच्या सिस्टर येतात, खाटेखाटेला जाऊन ओव्हर द्यायची, ड्रेन आणि युरीन मोजून आउटपुट लिहायचं, कपाटातल्या नियंत्रित औषधांची मोजणी दोघींनी करून सही करायची. निघेपर्यंत पावणेनऊ. आणि नवरा कामावर जायला साडेआठला बाहेर पडतो. मधली पंधरा मिनिटं आणि वाटेतला वेळ, एवढ्यात मुलाजवळ कोणीच नाही. दुपारपाळी कागदावर आठला संपते म्हणून जमेल असं वाटत होतं, पण ती त्या आठवड्यात जमणारी नव्हती. असल्या बारीक गोष्टीत पुढे भांडणं होतात. नाईटपेक्षाही जास्त.

शेवटी चित्र असं निघालं. नवऱ्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त सकाळपाळी, पण रविवार धरून. त्याच्या दिवसपाळीच्या आठवड्यात दुपारपाळी आणि दोन सलग नाईट. दुपारपाळी बहुतेक जणी टाळतात, कारण संध्याकाळ सगळी जाते. रविवारची ड्यूटी तर सगळ्याच टाळतात. म्हणजे सिस्टरकडे देण्यासारखं बरंच होतं, पण अर्जात ते कुठेच आलं नव्हतं. 'कोणत्याही शिफ्टला तयार' या ओळीतून ते कळणार तरी कसं?

नोंदणीच्या ओळीतही एक अडचण निघाली. त्यांनी लिहिलं होतं, 'नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे'. क्रमांक नाही, मुदत नाही. शिवाय अर्जावर सासरचं नाव आणि कौन्सिलच्या नोंदवहीत माहेरचं. प्रशासकाच्या कार्यालयात अर्ज आला की कोणीतरी कारकून ते नाव कौन्सिलच्या यादीत शोधतो. सापडलं नाही की 'नोंद आढळत नाही' असा शेरा मारून अर्ज खालच्या गठ्ठ्यात जातो. उमेदवाराला हे कोणी कळवत नाही, आणि ती समजते की नाईटमुळे नाकारलं. तेव्हा नोंदवहीत आहे तसं नाव, क्रमांक, मुदत कधीपर्यंत, आणि नाव बदललं असेल तर त्याचा कागद, हे सगळं लागोपाठ लिहायचं. नूतनीकरणाचा अर्ज दिलेला असेल तर पोचपावतीची तारीख लिहायची. 'नूतनीकरण झाले आहे' असं आधीच लिहून मोकळं व्हायचं नाही.

अनुभवाबद्दल फार काही करावं लागलं नाही. 'चार वर्षांचा अनुभव' याऐवजी कोणता वॉर्ड, किती खाटा, एका पाळीत किती रुग्ण आणि एकटीने काय करता, एवढं आलं की मेट्रनला अंदाज येतो. दोन महिन्यांची ती नोकरी ठेवा, असं मी सांगितलं. मागच्या ठिकाणी चौकशी होतेच, आणि लपवलेली गोष्ट तिथून कळली की बाकीचं खरं असलं तरी कोणी धरत नाही.

अर्ज प्रशासकाच्या नावे असला तरी तो दोघांच्या हातून जातो. प्रशासक कागद, मंजूर जागा आणि पगार पाहतो. मेट्रन बघते, ही मला कोणत्या ड्यूटीला लावता येईल. म्हणून मधला भाग आम्ही मेट्रनसाठी लिहिला. शेवटचा मसुदा असा होता:

"आपल्या रुग्णालयातील सर्जिकल वॉर्डमधील स्टाफ नर्स पदासाठी मी अर्ज करीत आहे. माझी नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणी माहेरच्या नावाने आहे. नोंदवहीतील नाव ____, क्रमांक ____, मुदत ____ पर्यंत; प्रत सोबत जोडली आहे. विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे आणि नावातील बदलासाठी कौन्सिलकडे अर्ज केला आहे, त्याची पोचही सोबत आहे.

"मी 28 खाटांच्या सर्जिकल वॉर्डमध्ये चार वर्षे काम केले. एका पाळीत माझ्याकडे साधारण नऊ ते दहा रुग्ण असत. शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी, शस्त्रक्रियेनंतरची देखरेख, ड्रेन व कॅथेटरची काळजी, ड्रेसिंग आणि रक्त चढवताना रुग्णावर लक्ष ठेवणे ही कामे मी स्वतंत्रपणे करते. त्यानंतर अपत्यसंगोपनासाठी दोन वर्षे खंड घेतला. पुढे एका रुग्णालयात दोन महिने काम केले, परंतु रात्रपाळ्यांचे वेळापत्रक न जमल्याने ते सोडले.

"म्हणून माझी उपलब्धता स्पष्ट लिहीत आहे. महिन्यातील दोन आठवडे मी दुपारपाळी व प्रत्येकी दोन सलग रात्रपाळ्या करू शकते. उरलेले दोन आठवडे रविवारसह सकाळपाळी करू शकते. कोणते आठवडे कोणते, हे मी रोस्टर तयार होण्यापूर्वी लेखी कळवीन. ही मर्यादा मूल शाळेत जाईपर्यंत, म्हणजे साधारण एक वर्ष राहील. त्यानंतर मी सर्व पाळ्यांत काम करू शकेन."

'कृपया समजून घ्यावे' अशी एक ओळ सिस्टरना शेवटी घालायची होती. ती मी काढायला लावली. ड्यूट्यांचा हिशेब मांडून झाल्यावर विनवणी आली की मेट्रनला शंका येते, ही चार म्हणतेय त्या तरी करेल का?

अर्ज दोन ठिकाणी गेला. छोट्या रुग्णालयाने सरळ नाही म्हटलं, आणि त्यांचंही बरोबर होतं. तिथे एकूण चार सिस्टर, प्रत्येक पाळीला एकच. 30 नाईट चौघींत वाटल्या तरी साडेसात येतात. एकीने चारच केल्या तर उरलेल्या तिघींवर जवळपास नऊ-नऊ. अशा ठिकाणी अर्ज कितीही नीट लिहा, उपयोग नाही. तिथे लपवून लागलं तर दोन महिनेही निघत नाहीत.

मोठ्या रुग्णालयातून बोलावणं आलं. मेट्रनने एकच टोकदार प्रश्न विचारला, "तुमच्या नाईटच्या दिवशी मूल आजारी पडलं तर?" सिस्टरनी उत्तर तयार ठेवलं होतं: त्या आठवड्यात नवरा घरी असतो, तो बघेल. दोघांनाही शक्य नसेल तर दुपारी बारापर्यंत फोन करीन आणि ती नाईट त्याच महिन्यात भरून देईन. मेट्रनने ते लिहून घेतलं.

जागा मिळाली. नेमणुकीच्या पत्रात मात्र 'संस्थेच्या गरजेनुसार कोणत्याही पाळीत काम करावे लागेल' हे छापील वाक्य होतं. बऱ्याच नेमणूक पत्रांत ते असतं, आणि तोंडी ठरलेलं त्यापुढे टिकत नाही. मेट्रन बदलली की नवी मेट्रन कागदच पाहते. सही करण्याआधी सिस्टरनी प्रशासकाला चार ओळींचा ईमेल केला: मुलाखतीत ठरल्याप्रमाणे वर्षभर महिन्याला चार रात्रपाळ्या, आठवड्यांचा क्रम मी आधी कळवणार, हे गृहीत धरून मी रुजू होत आहे, कृपया दुजोरा द्यावा. दोन दिवसांनी 'मान्य' असं उत्तर आलं, मग त्यांनी सही केली. तुम्हीही तेवढं उत्तर हातात आल्यावरच सही करा, आणि त्याची एक प्रत इनचार्ज सिस्टरकडे द्या, कारण रोस्टर त्याच लावतात.