प्रश्नोत्तरे: निमंत्रणात ‘ऑप्शनल’ लावलं म्हणजे नेमकं काय कळवलं?

मीटिंगच्या निमंत्रणात कुणाला ‘रिक्वायर्ड’ टाकायचं आणि कुणाला ‘ऑप्शनल’, यावरची पत्रं थांबायचं नाव घेत नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, शाहूपुरी, सगळीकडून तोच घोळ. त्यातले काही प्रश्न इथं घेतो.

ऑप्शनल टाकलं की रिमाइंडर वाजत नाही आणि वेळही अडत नाही, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही. रिमाइंडर दोघांनाही सारखाच वाजतो, आणि होकार दिला की ऑप्शनल माणसाचीही ती वेळ ‘बिझी’च दिसते. आउटलुक तर उत्तर यायच्या आधीच ती वेळ ‘टेंटेटिव्ह’ म्हणून धरून ठेवतं. ‘सगळे म्हणतात’ यावर विसंबण्यापेक्षा घरच्या दोन खात्यांवर एक निमंत्रण पाठवून बघायचं होतं, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑप्शनल माणसाला टीम्सच्या मीटिंगमध्ये बाहेर लॉबीत थांबावं लागतं का?

त्याचा काही संबंध नाही. लॉबी मीटिंगच्या सेटिंगमधून ठरते. तुमच्या आयटीवाल्यांना विचारा.

नव्या मॅनेजरनी आठवड्याच्या मीटिंगला मला एकट्यालाच ऑप्शनल केलंय. दोन महिने झाले, झोप लागत नाही. मला बाजूला सारताहेत का?

दोन महिने मनात कुढत बसलात, त्यात दोन मिनिटं विचारायलाही गेला असतात. असो. यातली एक गोष्ट मात्र तुम्ही बरोबर हेरली. कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचा जो प्रमाण नियम आहे, २००९ चा RFC 5545, त्यात निमंत्रिताची भूमिका अशी लिहिली जाते:

```
ROLE=OPT-PARTICIPANT
```

आणि काहीच लिहिलं नसेल तर माणूस `REQ-PARTICIPANT` धरला जातो. म्हणजे रिक्वायर्ड हे आपोआप लागतं, त्यावरून पाठवणाऱ्यानं काही विचार केला असं सिद्ध होत नाही. ऑप्शनल मात्र सहसा कुणीतरी हातानं लावावं लागतं. गुगल कॅलेंडरमध्ये नावाशेजारच्या `Mark optional` वर क्लिक करावं लागतं, आउटलुकमध्ये नाव वेगळ्या रकान्यात टाकावं लागतं. तेव्हा मॅनेजरनी हे बहुधा मुद्दाम केलंय. पण मुद्दाम म्हणजे वाईट हेतूनंच असं नव्हे. तुमचा वेळ वाचवायलाही केलं असेल. अजेंड्यावर तुमच्या नावाचा मुद्दा अजून येतो का, मिनिट्स तुम्हाला मिळतात का, हे आधी बघा. दोन्ही चालू असेल तर बहुधा वेळच वाचवला आहे. दोन्ही बंद झालं असेल तर समोर बसून विचारा: ‘सर, या मीटिंगमधून माझ्याकडून तुम्हाला काय हवंय?’ एचआरकडं धाव त्यानंतर.

एक सॉफ्टवेअर विकणारी कंपनी मला डेमोचं निमंत्रण ‘रिक्वायर्ड’ म्हणून पाठवते. जायला लागतं का?

नाही. बहुतेक वेळा ते वर सांगितलेलं आपोआप लागलेलं रिक्वायर्ड असतं, आणि काही विक्रेते त्याचाच फायदा उठवतात, कारण रिक्वायर्ड दिसलं की आपला माणूस बिचकतो. तुम्हाला बोलावणं सक्तीचं करायचा अधिकार तुमच्या साहेबांना, बाहेरच्या विक्रेत्याला नाही. खरेदीचा विषय चालू असेल तर मात्र नकार द्यायच्या आधी खरेदी विभागाला विचारा.

आमची फौंड्री आहे. सोमवारी अकराला रिजेक्शनची मीटिंग असते. प्लांट हेडना रिक्वायर्ड टाकणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून मी मानानं त्यांना ऑप्शनल ठेवतो. ते येत नाहीत आणि निर्णय पुढं ढकलला जातो. काय करू?

हाच माझा दुखरा कोपरा आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

साहेब, तुम्ही मान दिला असं तुम्हाला वाटतंय. प्लांट हेडनी त्या ओळीत वाचलं ते असं: ‘तुमच्याशिवाय मीटिंग होईल, निर्णयही होईल, आणि तो तुम्हाला मान्य आहे असं धरू.’ ऑप्शनलचा अर्थ हाच. ते आले नाहीत हे त्यांनी तुमचं म्हणणं पाळलं म्हणूनच. मान द्यायचा तर तो फोनवर, बोलण्यात द्या. निमंत्रणाच्या रकान्यात फक्त खरं लिहा.

कुणाला कुठं टाकायचं हे हुद्द्यावरून ठरवू नका. प्रत्येक नावाला एकच प्रश्न लावा: हा माणूस ‘येत नाही’ म्हणाला तर मी मीटिंग पुढं ढकलीन का? ढकलणार असाल तर रिक्वायर्ड. त्याच्याशिवाय उरकणार, पण आला तर उपयोग होईल, तर ऑप्शनल. आणि नुसतं कळलं तरी भागतंय, तर निमंत्रणच नको, मिनिट्स पाठवा. हा तिसरा डबा लोक विसरतात आणि सगळा कचरा ऑप्शनलमध्ये ओततात.

आता तुमची मीटिंग घ्या. समजा कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, येताहेत आणि गेटिंग, म्हणजे साच्यात धातू जायची वाट, बदलायचं चाललंय. त्यासाठी ज्यावरून साचा बनतो त्या पॅटर्नला हात लावावा लागणार, पॅटर्न ग्राहकाचा असेल तर त्याची परवानगी लागणार, आणि वर खर्च. तो शब्द प्लांट हेडच देऊ शकतात, म्हणून ते रिक्वायर्ड. मेथड्सचा इंजिनियर, मोल्डिंगचा सुपरवायझर, क्वालिटीवाले, हेही रिक्वायर्ड. कास्टिंग घासून साफ करणारे फेटलिंगवाले काय दिसलं ते सांगू शकतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही, ते ऑप्शनल. डिस्पॅचला फक्त नवी तारीख हवी, त्यांना मिनिट्स. एवढं केलंत की वेळ शोधणंही सोपं होतं: क्लासिक आउटलुकच्या `Scheduling Assistant` मधल्या `AutoPick` ला फक्त रिक्वायर्ड लोकांची मोकळी वेळ बघायला सांगता येतं.

तास मागू नका. प्लांट हेडचा मुद्दा पहिला ठेवा, ‘११ ते ११:२०, गेटिंगबदलाला मंजुरी’ असं विषयातच लिहा आणि नंतर त्यांना मोकळं करा. एक खबरदारी घ्या: ऑप्शनलचं रिक्वायर्ड केलंत की समोर नुसतं एक अपडेट जातं, नाव कुठल्या ओळीत सरकलं हे कुणी वाचत नाही. आधी केबिनमध्ये जाऊन सांगा, मग बदला. आणि त्यांचा पीए कॅलेंडर बघत असेल तर त्यालाही.

पूर्ण विभागाचा ग्रुप टाकलाय, पण त्यातल्या दोघांनाच रिक्वायर्ड ठेवायचंय. जमतं का?

ग्रुप तसाच ठेवून नाही, अख्ख्या ग्रुपला एकच दर्जा लागतो. आउटलुकमध्ये ग्रुपच्या नावापुढचं अधिक चिन्ह दाबून तो उघडा, मग एकेक नाव हलवा. पण एकदा उघडला की त्या निमंत्रणात तो परत मिटत नाही, आणि उद्या ग्रुपमध्ये नवा माणूस आला तर तो या यादीत येणार नाही. दर आठवड्याची मीटिंग असेल तर हे ग्रुप सांभाळणाऱ्याच्या कानावर घाला.

मी ऑप्शनल आहे. जाणार नसलो तर उत्तर द्यायलाच पाहिजे का?

पाहिजे. नकार दाबा, एका ओळीत कारण लिहा आणि ती वेळ मोकळी करा. तुमच्याकडं दुसरी काही पद्धत असेल तर ज्यांनी बोलावलंय त्यांनाच विचारा.