जर्नल क्लबमध्ये निबंधाच्या सांख्यिकीवर टीका करताना

प्रश्न: पुढच्या आठवड्यात जर्नल क्लबमध्ये माझी पाळी आहे. छापून आलेल्या निबंधाच्या सांख्यिकीवर मुद्देसूद आणि न्याय्य टीका कशी करावी? किती उणिवा दाखवाव्यात?

एकच दाखवा, पण अशी की जी दुरुस्त केली तर निबंधाचा निष्कर्ष बदलेल. नमुना लहान होता, अभ्यास एकाच केंद्रात झाला, पाठपुरावा थोड्या दिवसांचा होता, ही यादी कोणत्याही निबंधाला चिकटवता येते. बहुतेक विद्यार्थी तीच वाचून खाली बसतात आणि सर्वजण चहाला जातात.

बेळगावात फिजिओथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना माझ्या वाट्याला गुडघ्याच्या संधिवातावरील एक चाचणी आली होती. निबंध ओळखू येऊ नये म्हणून पुढचे आकडे मी बदलले आहेत, मात्र रचना तीच ठेवली आहे. रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले होते, आणि निबंधाच्या तक्त्यात प्रत्येकी 20 असे 40 जण होते. दोन्ही गटांना नेहमीचे व्यायाम दिले होते आणि एका गटाला त्यासोबत टेपिंगची एक नवी पद्धत दिली होती. वेदना 0 ते 100 मिलिमीटरच्या पट्टीवर मोजली होती. टेपिंगच्या गटात ती सरासरी 12 ने उतरली आणि पी-मूल्य 0.015 आले, नुसत्या व्यायामाच्या गटात ती 8 ने उतरली आणि पी-मूल्य 0.09 आले. लेखकांनी लिहिले की, एका गटात लक्षणीय घट झाली, दुसऱ्यात झाली नाही, म्हणून टेपिंग परिणामकारक आहे.

या वाक्यातील ‘म्हणून’ला काहीही आधार नाही. ही दोन्ही पी-मूल्ये पेअर्ड टी-टेस्टची आहेत आणि त्यांतील प्रत्येक मूल्य गटाची तुलना त्या गटाच्याच पूर्वस्थितीशी करते. एक गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला का, हा प्रश्न त्या निबंधात कोठेही तपासलेला नव्हता. शिवाय चाचणीत येण्यासाठी वेदना 60 च्या वर असणे आवश्यक होते. दुखणे शिगेला पोहोचलेले असताना निवडलेल्या माणसाला पुढच्या मोजणीत थोडे बरे वाटणारच, मग उपचार कोणताही असो. हा आपोआप होणारा उतार दोन्ही गटांत सारखाच असतो, आणि तो वजा करता यावा यासाठीच तर दुसरा गट घेतलेला असतो. एवढ्या कष्टाने तो गट घ्यायचा आणि विश्लेषणात त्याच्याशी तुलनाच करायची नाही, हे मला आजही समजत नाही.

मी तेवढ्यावर न थांबता आकडे पुन्हा मांडले, आणि तुम्हीही तेच करावे. निबंधात बदलाचे प्रमाण विचलन दिलेले नव्हते, ते बहुधा नसतेच, पण पी-मूल्यावरून मागे जाता येते. एक्सेलमध्ये पुढील सूत्र टाकले की टी-मूल्य मिळते:

```
=T.INV.2T(0.015,19)
```

उत्तर सुमारे 2.67 येते. 12 ला त्याने भागले की त्या बदलाची प्रमाण त्रुटी सुमारे 4.5 निघते. दुसऱ्या गटासाठी 0.09 घातल्यास टी-मूल्य सुमारे 1.79 मिळते, आणि 8 ला त्याने भागले की तीही जवळपास 4.5 येते. म्हणजे दोन्ही गटांतील अनिश्चितता सारखीच होती. केवळ एक आकडा 0.05 च्या रेषेच्या अलीकडे पडला आणि दुसरा पलीकडे. आता गटांतील फरक 12 उणे 8, म्हणजे 4 मिलिमीटर. त्याची प्रमाण त्रुटी म्हणजे दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, सुमारे 6.4. भागाकार 0.63, पी-मूल्य सुमारे 0.53, आणि 95 टक्के विश्वासांतर साधारण उणे 9 पासून अधिक 17 पर्यंत.

न्याय्य टीका आणि उथळ टीका यांतील फरक याच टप्प्यावर पडतो. या अंतरात 17 मिलिमीटरचा खरोखर उपयोगी फायदा बसतो आणि थोडेसे नुकसानही बसते. त्यामुळे ‘टेपिंग निरुपयोगी आहे’ असे म्हणणे हेही लेखकांच्या चुकीचेच उलटे रूप होईल. ‘या माहितीवरून टेपिंगचा अधिक फायदा सिद्ध होत नाही आणि नाकारताही येत नाही’, एवढेच आपल्याला म्हणता येते, आणि मी नेमके तेच म्हटले होते.

त्यावर एका वरिष्ठांनी मला भर सभेत सांगितले की, निबंध तज्ज्ञांनी तपासून छापलेला आहे, लेखकांनी मोजले ते खरे, आणि विद्यार्थ्याने छापील तक्त्यावर स्वतःचे गणित करू नये. मी केलेली भागाकाराची वही कोणी उघडूनही पाहिली नाही. तज्ज्ञांनी तपासल्याने ही चूक गाळली जाते, असे मानायला मुळीच आधार नाही. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या सांख्यिकीतज्ज्ञांनी 2011 मध्ये ‘ट्रायल्स’ या नियतकालिकात नेमक्या याच चुकीवर लेख लिहिला, तो ती छापील चाचण्यांत वारंवार दिसते म्हणूनच. तुमच्या सभेत असे कोणी असेल, तर वाद न घालता भागाकार फळ्यावर करून दाखवा. ‘चुकीचे विश्लेषण’ हा शब्दप्रयोग टाळा आणि ‘गटांमधील फरक, त्याच्या विश्वासांतरासह, द्यायला हवा होता’ असे म्हणा, कारण या वाक्याशी असहमत होणे फार अवघड असते.

सुधारणाही तितक्याच नेमकेपणाने सुचवा. येथे उपचारानंतरची वेदना हे फलित धरून आणि सुरुवातीची वेदना सहचल म्हणून घेऊन सहप्रसरण विश्लेषण, म्हणजे अँकोव्हा, करणे योग्य ठरले असते. लेखकांकडे कच्ची माहिती असल्याने त्यांना त्यासाठी नवा रुग्णही लागला नसता. त्यांनी जे नीट केले तेही आधी सांगा: यादृच्छिक विभागणीची पद्धत स्पष्ट लिहिली होती, आणि मोजणाऱ्याला रुग्णाचा गट ठाऊक नव्हता. ही प्रशंसा शिष्टाचारापुरती नाही. विभागणी नीट झालेली असल्यामुळेच दुरुस्त केलेल्या तुलनेला अर्थ राहतो.

दुसरा मुद्दा हवाच असेल तर तो प्रश्नाच्या रूपात ठेवा. चाचणीत 46 जण घेतले होते आणि तक्त्यात 40 होते. उरलेले सहा कोणत्या गटातील आणि का गेले, याचा उल्लेख नव्हता. आमच्याकडे खानापूर तालुक्यातील रुग्ण भातलावणीच्या दिवसांत फेरतपासणीला येत नाहीत, आणि गुडघा बरा झालेला माणूस तर आधी शेतात जातो. गैरहजेरीचा संबंध असा थेट वेदनेशी असेल, तर उरलेल्यांच्या सरासरीवरून काढलेला फरक कोणत्याही दिशेने सरकू शकतो.

पी-मूल्यावरून मागे जाण्याची ही युक्ती टी-टेस्ट वापरलेली असेल आणि पी-मूल्य नेमके दिलेले असेल, तरच चालते. ‘0.05 पेक्षा कमी’ एवढेच छापलेले असेल किंवा विल्कॉक्सनसारखी क्रमांकांवर आधारित चाचणी वापरलेली असेल, तर ती वापरू नका. अँकोव्हाने मिळणारे विश्वासांतर माझ्या अंतरापेक्षा काहीसे अरुंद आले असते, हेही मान्य करायला हवे. मात्र 40 रुग्णांत 4 मिलिमीटरचा फरक त्यानेही ठामपणे सिद्ध झाला असता असे मला वाटत नाही.