दोन वर्षं मीटिंगला बसतेय, तरी भीती जात नाही

ताई, मी २८ वर्षांची, नाशिकला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगच्या विचारानं रविवार दुपारपासूनच पोटात गोळा येतो. काय बोलायचं ते वहीत शब्द न् शब्द लिहून नेते, तरी पाळी आली की आवाज कापतो आणि मी एका दमात वाचून मोकळी होते. सासरी माणसं जमली की मी स्वयंपाकघरातच असते. ‘उखाणा घे’ म्हटलं की हातपाय गार पडतात. सगळे म्हणतात सवयीनं जाईल. दोन वर्षं झाली, गेलं नाही. मैत्रीण म्हणते, धडधड थांबवायची एक गोळी मिळते. घेऊ का?
— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य म्हणजे ‘दोन वर्षं झाली, गेलं नाही’. तू टाळत नाहीस, दर सोमवारी जातेस. मग सवय का होत नाही? उत्तर तुझ्या वहीत आहे. मीटिंग बरी गेली की तुझं मन म्हणतं, ‘वही होती म्हणून निभावलं.’ वहीशिवाय काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. त्यामुळे पुढच्या रविवारी भीती होती तिथेच. एका दमात वाचून टाकणं, पाहुणे आले की भांडी घासायला घेणं, हेही त्यातलंच. आणखी एक विचारते: चारचौघांत तुला कुणी काही विचारलं, तर तुझ्याऐवजी नवरा उत्तर देतो का? देत असेल तर तो प्रेमानंच देत असेल, पण तोही एक आधारच.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात हे आधार मध्यवर्ती आहेत. त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्टही तुला ओळखीची वाटेल. बोलताना तुझं लक्ष समोरच्यांकडे नसतं, स्वतःच्या छातीकडे आणि गळ्याकडे असतं. आतून जे जाणवतं त्यावरून तू बाहेरून कशी दिसत असशील याचं चित्र रंगवतेस, आणि ते जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा वाईट असतं.

हे ताडून पाहता येतं, म्हणून सुरुवात इथूनच कर. मोबाईल टेबलावर उभा करून स्वतःच्या कामाबद्दल दोन मिनिटं बोल, वहीशिवाय. व्हिडिओ बघायच्या आधी कागदावर लिही: ‘आवाज किती कापलेला ऐकू येईल? दहापैकी किती?’ मग अनोळखी बाईचा व्हिडिओ असल्यासारखा बघ आणि पुन्हा आकडा लिही. दोन आकड्यांतला फरक आपल्या डोळ्यांनी बघणं हे माझ्या कुठल्याही समजावण्यापेक्षा उपयोगी आहे.

आता पायऱ्या. ज्या ज्या प्रसंगांची भीती वाटते ते लिहून काढ आणि प्रत्येकापुढे शून्य ते शंभर असा भीतीचा आकडा टाक. तुझ्या पत्रावरून मी अंदाजानं मांडते, आकडे तू बदल. मीटिंग सुरू होण्याआधी शेजारच्याशी दोन वाक्यं बोलणं, २५. मीटिंगमध्ये आयत्या वेळी सुचलेला एक प्रश्न विचारणं, ४०. आपल्या कामाचा आढावा फक्त तीन मुद्द्यांच्या चिठ्ठीवरून देणं, ५५. तोच आढावा चिठ्ठीशिवाय, ७०. घरी, पाहुण्यांत दहा मिनिटं बाहेरच्या खोलीत बसून राहणं, ३०. काकांना आपणहून काही विचारणं, ४०. ऑफिसमधला एखादा किस्सा सगळ्यांना सांगणं, ६०. उखाणा, ९०. शून्याजवळच्या गोष्टींत वेळ घालवू नकोस, आणि ९० वर एकदम उडीही मारू नकोस. ३०-४० पासून सुरू कर.

प्रत्येक पायरी हा एक प्रयोग समज. आधी एका ओळीत भाकीत लिही. ‘मला भीती वाटेल’ हे भाकीत नव्हे, कारण ती वाटणारच. ‘मी प्रश्न विचारला की साहेब म्हणतील एवढंही माहीत नाही का, आणि बाकीचे हसतील, याची ८० टक्के खात्री’ हे भाकीत. आणि त्या वेळी कोणता आधार सोडायचा, तेही लिही. समज, तू विचारलंस, ‘ही रक्कम मागच्या महिन्याची धरायची की या महिन्याची?’ साहेबांनी उत्तर दिलं, एकानं ते वहीत टिपून घेतलं आणि मीटिंग पुढे गेली. तुझी छाती तरी धडधडलीच. तुला वाटेल फसलं. फसलेलं नाही. भाकीत घडलं की नाही, एवढंच तपासायचं. धडधड त्याच दिवशी कमी झाली नाही तरी शिकणं झालेलं असतं. मात्र हे बघायचं तर बोलताना लक्ष बाहेर हवं: कोण टिपून घेतंय, कोण घड्याळ बघतंय.

चुकतं कुठे, तेही सांगते. आठवड्यातून एकच मीटिंग असेल तर दोन प्रयोगांत फार अंतर पडतं, आणि मधल्या दिवसांत भीती पुन्हा जागा पकडते. म्हणून मधल्या दिवसांत दुकानात वस्तूची किंमत मोठ्यानं विचारणं, बँकेत शंका विचारणं, नणंदेला मेसेजऐवजी फोन करणं असं काहीतरी रोज ठेव. दुसरं, एक आधार सोडला की नवा गुपचूप येतो. वही गेली की वाक्य मनात दहादा घोकलं जातं. तेही लिहून ठेव. तिसरं, रात्री अंथरुणात तीच मीटिंग उलटसुलट आठवत बसणं. संध्याकाळी एकदाच ‘भाकीत काय, घडलं काय’ लिहून वही मिटायची. एखाद्या पायरीवर भाकीत तीन-चारदा खोटं ठरलं आणि आधीची खात्री ८० वरून २०-३० वर आली, की पुढची घे. एखादी फारच जड गेली तर मागे फिरू नकोस, मधली एक पायरी तयार कर.

उखाण्याचं घाईनं नको. आधी नवऱ्यासमोर, मग सासूबाई आणि नणंदेसमोर, मग हळदीकुंकवाला. तळहातावर लिहून नेऊ नकोस. मधल्या एका पायरीवर मुद्दाम ओळ अर्धवट सोड, थांब, आणि ‘थांबा हं, आठवते’ असं म्हण. तुझी खरी भीती विसरण्याची आहे. विसरल्यावर बायका काय करतात हे एकदा घडू दिल्याशिवाय ती जाणार नाही.

गोळीबद्दल. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं धडधड आणि थरथर कमी करतात, पण मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायची ती गोष्ट नाही. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकतात. शिवाय तुझ्या बाबतीत ती वहीची जागा घेईल: ‘गोळी होती म्हणून निभावलं.’ ही भीती सहा महिन्यांहून अधिक टिकली आणि कामाच्या, घरच्या आड येऊ लागली की तिला आजार म्हणून उपचार करता येतात, आणि तू त्या हद्दीत आहेस असं मला वाटतं. म्हणून एकदा मानसोपचारतज्ज्ञांना किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भेटच. याच पायऱ्या त्यांच्यासोबत नीट चढता येतात, आणि रोज घ्यायच्या औषधाची गरज आहे का हे डॉक्टरच ठरवतील. ऑफिसला दांड्या होऊ लागल्या, सतत उदास वाटू लागलं किंवा जगणं नको वाटलं, तर पायऱ्यांची वाट न पाहता त्याच दिवशी सांग. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं.

— तुझी ताई