एनएमईए वाचताना आधी एवढंच सांभाळा

जीपीएस मॉड्यूल आपलं स्थान एनएमईए नावाच्या ठरावीक मजकुराच्या ओळींत पाठवतं. सुरुवातीला त्यातल्या फक्त दोन ओळी वाचा: RMC आणि GGA. बाकीच्या सोडून द्या. NEO-6M हे जीपीएस मॉड्यूल मुळात ९६०० बॉड या सीरियल वेगाने बोलतं. कचरा अक्षरं दिसली तर आधी बॉड तपासा.

बहुतेकांची पहिली चूक अक्षांश-रेखांशात होते. समजा, पुण्यात शनिवारवाड्याजवळ हे आलं:

```
1831.1700,N,07351.3180,E
```

हे दशांश अंश नाहीत. 18 अंश आणि 31.1700 मिनिटं असं वाचायचं. मिनिटांना ६० ने भागा: 18 + 31.17/60 = 18.5195. रेखांशाला अंशांचे आकडे तीन, म्हणून 73 + 51.318/60 = 73.8553. नुसता दशांश बिंदू सरकवून 18.3117, 73.5132 केलंत तर नकाशावरची टाचणी चाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला, थेट सह्याद्रीत जाते. टाचणी अशी भलत्याच गावी दिसली की मॉड्यूलला दोष देऊ नका.

- स्थान वापरण्याआधी RMC मधलं A/V बघा. V म्हणजे फिक्स नाही, म्हणजे उपग्रहांवरून स्थान अजून ठरलेलं नाही. GGA मध्ये रेखांशाच्या E/W नंतरचा आकडा 0 असेल तरी तेच. 1 म्हणजे साधा फिक्स.
- RMC मधला वेग नॉटमध्ये असतो, १.८५२ ने गुणा म्हणजे किमी/तास. जागेवर उभं असतानाही तो थोडा हलतो.
- फिक्स नसताना रकाने रिकामे येतात. C मधलं `strtok` लागोपाठचे स्वल्पविराम गिळतं आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. स्वल्पविराम स्वतः मोजा.

चाचणी गच्चीवर करा. खोलीत फिक्स मिळेलच असं नाही.