फसवा ब्रेकआउट की फसलेला ब्रेकआउट?

प्रश्न: आम्ही कर्वेनगरला काही मित्र मिळून चार्ट बघतो. भाव रेंजच्या वर जातो आणि लगेच आत येऊन बंद होतो, त्याला कुणी 'फसवा ब्रेकआउट' म्हणतं, कुणी 'फसलेला'. दोन्ही एकच का? आणि तिथे उलट बाजूने घेतलेल्या सौद्याला मराठीत काय म्हणावं?

उत्तर: दोन्ही एकच नाहीत. हा फरक जपायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, कारण सौदा घेण्याची वेळ नेमकी त्याच फरकावर ठरते.

'फसवा' म्हणजे फसवणारा. फसवी जाहिरात, फसवी शांतता. हे आपण लावलेलं विशेषण आहे, त्यात आपला संशय असतो. 'फसलेला' म्हणजे ज्याचं फसणं पुरं झालं आहे असा. बेत फसला, प्रयोग फसला. इथे संशय उरत नाही, घटना घडून गेलेली असते. भाव रेंजच्या बाहेर असताना फार तर "हा फसवा वाटतोय" एवढंच म्हणता येतं. तो आत येऊन बंद झाला, कँडल पुरी झाली, की मगच तो फसलेला ब्रेकआउट. म्हणजे 'फसलेला' या शब्दाला घड्याळातली एक वेळ चिकटलेली असते आणि 'फसवा'ला ती नसते.

आकडे घेऊन बघू. एक काल्पनिक शेअर आठ दिवस ४८४ ते ५०० मध्ये फिरतो आहे. आपण पंधरा मिनिटांच्या कँडल बघतो आहोत. १०.३० ते १०.४५ ची कँडल ५०० फोडून ५०३ पर्यंत जाते आणि ५०२.४० ला बंद होते. पुढची ५०४.२० चा उच्चांक करते, पण ५०१.१० ला बंद होते. तिसरी, ११ ते ११.१५ ची, ४९८.२० पर्यंत उतरते आणि ४९८.६० ला बंद होते. ११.१५ च्या आधी 'फसलेला' म्हणणं घाईचं होतं. १०.५० ला "हा फसवाच आहे" असं ठरवून ज्याने ५०३ ला विकलं, त्याच्याकडे अंदाजापलीकडे काही नव्हतं. खरा ब्रेकआउटही पहिल्या अर्ध्या तासात असाच दिसतो.

आता भाव आत आल्यावर तो खाली का जावा? 'फसणे' हे क्रियापद आपण बेतालाही लावतो आणि माणसालाही, आणि इथे दोन्ही एकदमच घडतं. ५०० च्या जवळ विकून बसलेल्या मंदीवाल्यांचे स्टॉपलॉस ५०० च्या थोडे वर असतात. मंदीवाल्याचा स्टॉपलॉस म्हणजे खरेदीची ऑर्डर. भाव ५०१-५०२ ला पोचला की त्या ऑर्डरी लागतात, आणि ब्रेकआउटवर घेणारेही त्याच वेळी आत शिरतात. ही सगळी खरेदी दहा-पंधरा मिनिटांत उरकते. तिच्या मागून नवा घेणारा आला नाही, तर भावाला वर धरून ठेवणारं कुणी राहत नाही. तो ५०० च्या खाली आला की वर घेतलेल्या प्रत्येकाचा सौदा तोट्यात जातो. त्यांचे स्टॉपलॉस ४९९, ४९८, ४९५ असे खाली पसरलेले असतात, आणि ते सगळे विक्रीचे. आपल्या विक्रीला पुढे बळ मिळतं ते या विक्रीचं. ब्रेकआउट फसला आणि घेणारेही फसले, असं दोन्ही अर्थांनी म्हणता येतं ते यामुळेच.

म्हणून 'लगेच' हा तुमच्या प्रश्नातला शब्द मला फार मोलाचा वाटतो. भाव दोन-तीन कँडलमध्ये परतला तर वर घेणारे अजून तिथेच असतात, ताजे आणि घाबरलेले. तोच भाव तीन तास ५०० च्या वर राहून मग आत आला, तर मधल्या काळात बऱ्याच जणांनी नफा घेऊन सौदे कापलेले असतात, उरलेल्यांचे स्टॉपलॉस वरखाली पांगलेले असतात. चार्टवर दोन्ही चित्रं सारखी दिसतात, पण दुसऱ्यात अडकलेली माणसं फारशी उरलेली नसतात. त्याला मी फसलेला ब्रेकआउट म्हणणार नाही. तो ओसरलेला ब्रेकआउट.

दुसरी गल्लत होते ती 'आत आला' या शब्दांमुळे. तिसरी कँडल ४९८.२० पर्यंत उतरली, पण ५००.९० ला बंद झाली, असं समजा. भाव आत आला होता का? आला होता. आत बंद झाला का? नाही. ही नुसती चाचपणी: जुना अडथळा आता आधार म्हणून टिकतो का, हे बाजाराने पाहिलं आणि तो टिकला. अशा जागी विकणारा ब्रेकआउटच्या ऐन तोंडावर उलटा उभा राहतो. तेव्हा मित्रांशी बोलताना 'आत आला' असं मोघम म्हणू नका, 'आत बंद झाला' असंच म्हणा.

सौद्याच्या नावाकडे वळू. बरेच जण 'ब्रेकआउट फेड केला' म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मराठीत कर्जाची फेड असते, आणि बाजाराच्या बातम्यांत 'फेड' म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक. 'उलटा सौदा'ही गोंधळाचा: हातातला सौदा कापून विरुद्ध बाजूला जाणं, याला आपल्याकडे सौदा उलटवणं म्हणतातच. मी 'परतीचा सौदा' म्हणतो. परतीचा पाऊस हा शब्द आपल्या कानाला सवयीचा आहे, आणि मुख्य म्हणजे या नावातच अट आहे: आधी भाव परतला पाहिजे.

वरच्या उदाहरणात परतीचा सौदा असा बसतो. तिसऱ्या कँडलचा नीचांक ४९८.२०, तो तुटल्यावर ४९८ ला विक्री. स्टॉपलॉस बाहेर गेलेल्या टोकाच्या थोडा वर, ५०४.७०. म्हणजे शेअरमागे ६.७० रुपयांची जोखीम. या सौद्यात २,००० रुपयांवर तोटा सोसायचा नसेल तर २९८ शेअर. पहिलं उद्दिष्ट रेंजचा मध्य, ४९२, तिथे मिळतात फक्त ६ रुपये. हे लक्षात घ्या: मध्यापर्यंतचा नफा जोखमीपेक्षाही कमी आहे. दुसरी कड ४८४, तिच्या थोडं वर ४८५ ला १३ रुपये. अर्धे शेअर ४९२ ला आणि अर्धे ४८५ ला कापले तर ८९४ आणि १,९३७, मिळून २,८३१ रुपये, दलाली आणि कर वजा जाण्याआधी.

भाव परतण्याआधी ५०९ पर्यंत गेला असता तर? स्टॉपलॉस ५०९.५० च्या आसपास, जोखीम साडेअकरा रुपये, आणि दुसऱ्या कडेपर्यंतचा सगळा नफा १३. ब्रेकआउट तेव्हाही फसलेलाच, शब्द बरोबर, पण सौदा घेण्याजोगा नाही. बाहेरची मुसंडी रेंजच्या उंचीच्या मानाने छोटी असली, तरच हे गणित जमतं.

सौदा बिघडतोय हे कसं ओळखायचं, तेही सांगतो. अडकलेले लोक खरंच असतील तर भाव आत आल्यावर पुढच्या एक-दोन कँडलमध्ये खाली सरकतो. तो ४९७ ते ४९९ मध्ये घुटमळत राहिला, तर ज्या विक्रीवर आपली मदार होती ती येत नाहीये. आणि मग एखादी कँडल पुन्हा ५०० च्या वर बंद झाली, तर मी ५०४.७० ची वाट बघत नाही, तिथेच कापतो. ज्या कारणासाठी सौदा घेतला ते कारण संपलेलं असतं. यात कधीकधी चांगला सौदाही हातचा जातो, तरी ६.७० ऐवजी तीनेक रुपयांवर सुटणं मला बरं वाटतं. कंपनीचा निकाल असेल किंवा सकाळी १० ला रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असेल, त्या दिवशी मी या वाटेला जातच नाही. बातमीने फुटलेल्या रेंजला आतून नवे घेणारे खरोखर मिळतात.

'सापळा' या शब्दाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो ओघाने येतोच. बुल ट्रॅपला सर्रास 'तेजीवाल्यांचा सापळा' म्हटलं जातं. मराठीत ही षष्ठी दुतोंडी आहे. उंदरांचा सापळा उंदरांसाठी असतो, पोलिसांचा सापळा पोलिसांनी लावलेला असतो. मग तेजीवाल्यांनी सापळा लावला की तेजीवाले त्यात सापडले? शिवाय सापळा म्हटलं की तो रचणारा कुणीतरी आहे असं गृहीत धरलं जातं, आणि मग "मोठ्यांनी मुद्दाम वर नेला" अशी चर्चा सुरू होते. स्टॉपलॉस एका जागी साठणं आणि नवा घेणारा न येणं, एवढ्यावरही हे चित्र तयार होतं. त्यासाठी रचणारा लागत नाही. म्हणून मी सरळ 'तेजीवाले अडकले' म्हणतो. कोण अडकलं ते कळतं आणि कुणावर आरोप होत नाही.

खालच्या कडेला हेच चित्र उलटं: भाव ४८४ तोडून ४८१ ला जातो, लगेच ४८५ ला बंद होतो, आणि मंदीवाले अडकतात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड वायकॉफ यांनी घालून दिलेल्या पद्धतीत याला 'स्प्रिंग' म्हणतात, आणि वरच्या कडेच्या घटनेला 'अपथ्रस्ट'. आपल्याकडे या दोन बाजूंत व्यवहाराचा एक मोठा फरक आहे. रोखीच्या बाजारात हाती शेअर नसताना विकलं तर तो सौदा त्याच दिवशी कापावा लागतो. बाजार ३.३० ला बंद होतो आणि दलालांच्या यंत्रणा त्याच्या थोड्या आधीच असे सौदे आपणहून कापतात. न कापला गेलेला सौदा लिलावात जाऊ शकतो. त्यामुळे वरच्या कडेचा परतीचा सौदा पावणेतीनला दिसला तर ४८५ पर्यंत जायला त्याच्याकडे वेळच नसतो. खालच्या कडेला केलेली खरेदी मात्र डिलिव्हरीत घेऊन दुसऱ्या दिवसापर्यंत, हवं तर रेंजच्या वरच्या कडेपर्यंत, ठेवता येते. ज्यांना फ्युचर्समध्ये जायचं नाही त्यांनी मंदीवाले अडकलेले ब्रेकआउट आधी अभ्यासावेत, आणि त्यासाठी पंधरा मिनिटांऐवजी दिवसाची कँडल लावावी. तिथे 'आत बंद झाला' हे ३.३० नंतर निवांत बघता येतं.