ईआरपीमधील ओव्हरहेड: मशीन-तास की अ‍ॅक्टिव्हिटी?

प्रश्न: आमच्या ईआरपीमध्ये ओव्हरहेड मशीन-तासांवर लागतो. अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंगने नेमका काय फरक पडेल?

उत्तर: समजा, कारखान्याचा महिन्याचा ओव्हरहेड ५,००,००० रुपये आहे. साधा ब्रॅकेट ९,००० नग आणि खास ब्रॅकेट १,००० नग तयार होतो. दोन्हींना प्रतिनग अर्धा मशीन-तास लागतो. एकूण ५,००० तास, म्हणजे दर १०० रुपये, आणि दोन्हींवर सारखेच ५० रुपये बसतात.

आता या खर्चापैकी १,९०,००० रुपये केवळ सेटअपचे, म्हणजे डाय बदलणे आणि पहिला नग तपासणे यांचे, आहेत असे धरू. साधा ब्रॅकेट ५०० च्या लॉटमध्ये निघत असल्याने त्याचे सेटअप १८, तर खास ब्रॅकेटचे ५० च्या लॉटमुळे २०. म्हणजे दर सेटअपला ५,००० रुपये. उरलेले ३,१०,००० रुपये तासांवर वाटल्यास प्रतिनग ३१ रुपये येतात. सेटअप मिळवला की साध्यावर प्रतिनग ४१ रुपये आणि खासवर १३१ रुपये ओव्हरहेड पडतो. खास ब्रॅकेटचा भाव ५० रुपये ओव्हरहेड धरून दिला असेल, तर तोटा कुठे मुरतो हे इथे कळते.

ईआरपीत यासाठी सेटअपची स्वतंत्र अ‍ॅक्टिव्हिटी आणि तिचा दर ठेवून ती राउटिंगमध्ये जोडावी लागते. चूक बहुधा कॉस्टिंग लॉट साइजमध्ये होते: खास ब्रॅकेटला ५० ऐवजी ५०० लिहिले, तर प्रमाणित खर्चात सेटअपचे १०० ऐवजी १० रुपयेच येतात आणि उरलेली रक्कम महिनाअखेरीस व्हेरिअन्समध्ये दिसते. मात्र सेटअप कमी केले म्हणून सेटरचा पगार लगेच घटत नाही.