शिलाई मशीनवर भरतकामाची पाकळी भरताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतोय?

आधी फूटचा दांडा बघ. फूट काढून भरत असलीस तरी तो खाली हवाच, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही. सुरुवातीला बहुतेकांचं इथेच चुकतं.

मग कापड सरकवणारे दाते खाली घे, टाक्याची लांबी 0 कर. मोठी रिंग खाली, वर सुलट कापड, छोटी रिंग आत दाबायची. कापड मशीनला टेकलं पाहिजे आणि टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. सैल कापडावर पाकळी चुरगळतेच.

सुलट बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन 4 वरून 3, मग 2 करून बघ. उलट बाजूला वरचा रंग किंचित डोकावला की जमलं. बॉबिनच्या स्क्रूला इतक्यात हात लावू नकोस.